बाबांनी फिटनेसच्या वेळी "कधीतरी घेतो" सांगितलं, खरं डॉक्टरांना सांगू का?

सुपारीबाग (धागा सुरू केला, सोमवार रात्री)

आम्ही डिचोली तालुक्यातले. बाबा ६३ वर्षांचे, बागायत स्वतः बघतात. उजव्या बाजूला हर्निया आहे, गेलं वर्षभर टाळत होते. आता १२ दिवसांनी ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. शुक्रवारी भूलतज्ज्ञांकडे फिटनेससाठी गेलो होतो. मी शेजारीच बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेता?" बाबा म्हणाले, "सणापरबेक मात्शी." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

खरं असं की बाबा रोज संध्याकाळी फेणी घेतात. कधी आरडाओरडा नाही, पडणं नाही, भांडण नाही. सात वाजता व्हरांड्यात बसायचं, नऊला जेवायचं. त्यामुळे आमच्या घरात कुणी त्याला "दारू पिणं" म्हणतच नाही. शिवाय रोज सकाळी गुळवेलीचा काढा, आणि गुडघ्यासाठी एका ओळखीच्या माणसाकडून आणलेली पुडी, दोन वर्षं झाली. तीही सांगितली नाही. "ते औषध थोडंच आहे" म्हणाले.

दादाचं म्हणणं, "आजपासून बाटली लपवू, १२ दिवसांत सगळं साफ होईल, डॉक्टरांना कशाला सांगायचं." मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये. कुणाला अनुभव?

---

खाजनदार

ताई, दादाचं बरोबर आहे. ऑपरेशनच्या आधी दारू बंद करतातच. डॉक्टर स्वतःच सांगतात महिनाभर आधी सोडा म्हणून. १२ दिवस तर १२ दिवस. आमचे काका दर वर्षी श्रावण पाळतात, एक थेंब नाही. काही होत नाही. मनावर घ्यावं लागतं फक्त.

---

काजूबोंडू

फेणीला एवढं वाईट ठरवू नका. गावची काजूची फेणी म्हणजे औषध. सर्दीला, पोटाला, लहान मुलांच्या छातीला चोळायला आमची आजी तीच वापरायची. २००९ मध्ये जीआय मानांकन मिळालंय तिला. विदेशी दारूत रसायनं असतात, त्रास त्याने होतो. थोड्या दिवसांत काजूची हलकी हुर्राक सुरू होईल, तेवढी जरा कमी घ्या म्हणावं.

---

गुंगीवाला

मी भूलतज्ज्ञ आहे, गोव्यातच. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, तेव्हा निर्णय त्यांचे डॉक्टरच घेतील. पण ही एक गोष्ट आज रात्रीच लिहितो, कारण ती थांबू शकत नाही: बाटली लपवू नका.

खाजनदार यांचं अर्धं बरोबर आहे. ऑपरेशनच्या चार आठवडे आधी दारू थांबली तर जखम चांगली भरते, जंतुसंसर्ग कमी होतो. पण ते थांबवणं आणि वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका संध्याकाळी घरच्यांनी तोडणं, यात फार अंतर आहे. रोज दारू मिळत असेल तर मेंदू तिच्या गुंगीविरुद्ध सतत जोर लावून बसलेला असतो. दारू एकदम गेली की तो जोर तसाच उरतो आणि समोर काही नसतं. मग हात थरथरतात, घाम येतो, नाडी पळते, झोप उडते. हे साधारण पहिल्या दिवसातच सुरू होतं. फिट आली तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत. आणि ज्याला आम्ही खरे घाबरतो तो भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो.

आता यात ऑपरेशन बसवून बघा. माणूस आदल्या दिवशी भरती होतो, म्हणजे शेवटचा पेला त्याच्या आदल्या संध्याकाळचा. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. भ्रमाची वेळ नेमकी ऑपरेशननंतरच्या एक-दोन दिवसांत पडते. दारू पोटात असताना काय होतं एवढ्यासाठीच आम्ही विचारतो असं लोकांना वाटतं. तुम्ही वॉर्डात आलात की तुमचं रोजचं काय *बंद होणार आहे*, हेही आम्हाला माहीत हवं असतं.

तीन गोष्टी विचारतो. एक, बाटली किती दिवस पुरते? "पेग किती" विचारू नका, त्याला कुणी खरं उत्तर देत नाही. दोन, सकाळी चहाचा कप धरताना हात हलतो का? तीन, आधी कधी काही कारणाने दोन-चार दिवस बंद ठेवली होती का, आणि तेव्हा काय झालं?

---

सुपारीबाग

गुंगीवाला, बाटली मीच आणून देते म्हणून सांगू शकते. ७५० ची, चार दिवस.

सकाळी हात हलतो. आम्ही वय म्हणून सोडून दिलं होतं. कप दोन्ही हातांनी धरतात.

तिसऱ्याचं उत्तर लिहिताना मला जरा कसंतरी होतंय. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. चवथीत घरात दारू नसते, बाबाच कडक असतात. गेल्या चवथीत दुसऱ्या रात्री ते झोपलेच नाहीत, घामाने बनियन भिजली होती. तिसऱ्या रात्री गणपतीवर टांगलेल्या माटोळीकडे बघून म्हणाले, "हे किडे कोण सोडले?" माटोळीला किडे नव्हते. आम्हाला वाटलं ताप असेल. आईने क्रोसिन दिली, सकाळी थोडे बरे होते. विसर्जन झाल्यावर संध्याकाळी बसले आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत.

---

गुंगीवाला

हा अख्ख्या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद आहे. केसपेपरवर "सणापरबेक मात्शी" आहे, आणि खरी माहिती नेमकी सणाचीच निघाली.

आधी हिशेब. ७५० मिली चार दिवसांत, म्हणजे रोज सुमारे १९० मिली. फेणीत मद्यार्क ४३ टक्क्यांच्या आसपास धरला तर रोज ८० मिली शुद्ध मद्यार्क, वजनात साठ ग्रॅमच्या थोडं वर. पाच टक्क्यांच्या बियरच्या मोठ्या अडीच बाटल्या रोज. गावच्या भट्टीची असेल तर ग्राव, म्हणजे कडकपणा, कमी-जास्त, म्हणून आकडा पक्का नाही. काजूबोंडू, मेंदूला जीआय समजत नाही. फेणी असो की व्हिस्की, आत इथेनॉल तेच.

आता चवथीचं. रात्रभर घाम, मग नसलेले किडे दिसणं, आणि पुन्हा प्यायल्यावर सगळं गायब. तपासल्याशिवाय शिक्का मारत नाही, पण माझ्या ओपीडीत कुणी हे सांगितलं तर मी तारखेचा विचारच बाजूला ठेवेन. ज्याला एकदा असं झालंय त्याला पुढच्या वेळी जास्त जोरात होण्याची शक्यता असते, आणि या वेळी सोबत ताजी जखम असेल.

श्रावण पाळणाऱ्या काकांना काही झालं नाही म्हणून या बाबांना होणार नाही, असं नसतं. किती, किती वर्षं आणि आधी काय झालं, यावर ते ठरतं.

---

रात्रपाळी

मी नर्स. सर्जिकल वॉर्डात खूप वर्षं काढली. हॉस्पिटलचं नाव नाही सांगणार, पण एक पेशंट सांगते, म्हणजे न सांगितल्याने काय होतं ते कळेल.

पन्नाशीतले गृहस्थ, मांडीचं हाड मोडलं होतं. केसपेपरवर "दारू: नाही". बायको शेजारी उभी, नवऱ्याने नाही म्हटलं, तीही गप्प. ऑपरेशन छान झालं. पहिल्या रात्री ते नुसते चुळबुळ करत होते, आम्ही म्हटलं दुखत असेल, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी नाडी १२०, हात थरथर, चादर ओढत होते. डॉक्टरांनी ताप बघितला, जखम बघितली, रक्त पाठवलं. संसर्ग असेल म्हणून अँटिबायोटिक बदललं. सलाईनमधून ग्लुकोज चालूच होतं. त्या रात्री अडीचला ते कॉटवरून उतरायला निघाले, ऑपरेशन झालेल्या पायावर. लघवीची नळी ओढून काढली, रक्त. मला म्हणतात, "होडी सुटली, मला जाऊ दे." चौघांनी धरलं. हात बांधावे लागले. शांत करायला दिलेल्या इंजेक्शनने जेमतेम तासभर. मग फिट आली. डोक्याचा स्कॅन, आयसीयू.

पहाटे बायको रडत म्हणाली, "ते रोज घेतात हो. मला वाटलं सांगितलं तर ऑपरेशन करणार नाहीत."

त्यानंतर जीवनसत्त्व ब-१ ची इंजेक्शनं आणि दारूची जागा घेणारं औषध सुरू झालं, दोन दिवसांत माणूस ताळ्यावर आला. हाडाचं मात्र परत बघावं लागलं. पाच मिनिटांची माहिती आधी मिळाली असती तर त्या दोन रात्री झाल्या नसत्या. दोष मी बायकोला देत नाही. आम्हीही जनरल वॉर्डात चार लोकांसमोर, पेन हातात धरून, "दारू-बिरू नाही ना?" असं विचारतो. त्या प्रश्नाला नाहीच उत्तर येणार.

---

गुंगीवाला

रात्रपाळी यांच्या गोष्टीतल्या दोन जागा दाखवतो.

ग्लुकोज. रोज पिणाऱ्यांच्या शरीरात ब-१ चा साठा बऱ्याचदा रिकामा असतो. ग्लुकोज जाळायला तेच लागतं. आधी ब-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवत राहिलं तर उरलंसुरलं संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते: डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत. माहीत असेल तर ब-१ चं इंजेक्शन आधी जातं. स्वस्त औषध आहे, फक्त आठवण यायला कारण लागतं.

शांत करणारं इंजेक्शन. भ्रम म्हटला की द्यायची काही औषधं एरवी चालतात, पण दारू तुटल्याच्या भ्रमात ती एकटी दिली तर फिट येणं सोपं होतं. इथे लोराझेपाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड या गटातलं औषध लागतं, आणि तेही नाडी, घाम, थरथर बघत हळूहळू कमी करायचं. घरी आणून द्यायचं नाही. वर फेणी पडली तर श्वास मंदावतो.

म्हणजे तोच भ्रम, पण कारण माहीत नसेल तर उपचार उलट्या दिशेला जाऊ शकतो.

---

पावसाळी_ढग

इथेच विचारतो, वेगळा धागा काढायची लाज वाटते. वय २४. बाईकवरून पडून गुडघ्याचं लिगामेंट गेलंय, पुढच्या महिन्यात सर्जरी. मी दारू घेत नाही. पण वीड जवळजवळ रोज, आणि सीझनमध्ये पार्टीला दोन-तीनदा एमडीएमए. फिटनेसला आई सोबत होती, सगळ्याला नाही म्हटलं. वीड तर नैसर्गिक आहे ना, त्याने काय फरक पडतो? आणि सांगितलं तर पोलिस केस?

---

काजूबोंडू

बाळा, आधी ते सगळं सोड.

---

गुंगीवाला

ढग, बरं झालं विचारलंस.

रोज वीड ओढणाऱ्यांना भुलीचं औषध नेहमीपेक्षा जास्त लागू शकतं, आणि नंतर दुखणंही जास्त जाणवतं. मला माहीत नसेल तर मी नेहमीच्या मापाने सुरुवात करणार, तू अपेक्षेप्रमाणे झोपणार नाहीस आणि मी कारण शोधत बसणार. ऑपरेशनच्या सकाळी "टेन्शन घालवायला" ओढलंस तर नाडी आणि रक्तदाब इतके हलतात की ठरवलेलं ऑपरेशन पुढे ढकललेलं बरं.

एमडीएमएचं जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे ऑपरेशननंतर दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल सर्रास देतात. दोन्ही मेंदूतलं सेरोटोनिन वाढवतात. एकावर एक पडली तर ताप, अंग ताठ होणं, झटके, नाडी बेफाम. शेवटची गोळी *कधी* घेतलीस हे कळलं तर दुसरं दुखणं-निवारक निवडता येतं, एवढं साधं आहे.

आईसमोर बोलू नकोस. डॉक्टरांना सांग, "मला दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय." मी स्वतः तरुण पेशंट असला की आईला एखादा कागद झेरॉक्स करायला पाठवतो. पोलिसांचं: तू उपचारासाठी दिलेली माहिती डॉक्टरांनी गुप्त ठेवायची असते, ओपीडीतून कुणी फोन फिरवत नाही. बेशुद्ध अवस्थेत, विषबाधेच्या संशयाने कुणाला आणलं तर हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, तो प्रसंग निराळा.

---

जुना_पोस्टमन

सगळे डॉक्टरांना सांगा म्हणतात, विम्याचं कोण बोलणार? माझ्या मेव्हण्याचा क्लेम अडकला होता, केसपेपरवर "रोज मद्यपान" लिहिलं म्हणून. पॉलिसीत व्यसनामुळे झालेल्या आजाराचा खर्च वगळलेला असतो. कंपनीने तेच कलम दाखवलं. आठ महिने पत्रव्यवहार, शेवटी अर्धे मिळाले. आता मी तरी बोलताना विचार करतो.

---

गुंगीवाला

ही भीती खोटी नाही, मी तिला हसत नाही. हर्निया दारूने झालेला नसतो, त्यामुळे तो वगळायला तसा आधार नाही. पण भ्रम होऊन आयसीयूत गेलं तर कंपनी वाद घालू शकते. गंमत अशी की न सांगितल्यानेच आयसीयूची वेळ येते आणि पहाटे तीनला तेच वाक्य जास्त मोठ्या अक्षरात लिहिलं जातं. पॉलिसी घेताना फॉर्मवर काय लिहिलं होतं हा स्वतंत्र प्रश्न, त्यात मी जाणकार नाही.

---

जुना_पोस्टमन

तुम्हाला सोपं आहे डॉक्टर, बिल तुम्ही भरत नाही. पाच वर्षं सलग हप्ते भरले की लपवलं म्हणून सहसा नाकारता येत नाही, हे २०२४ पासून आहे, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण सामान्य माणूस तोपर्यंत दमतो.

---

सुपारीबाग

आमचं दीनदयाळ कार्ड आहे, त्यामुळे तो प्रश्न सध्या नाही. गुंगीवाला, काढा आणि पुडीचं काय? ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी वनौषधी बंद करतात असं वाचलं. मग पुडी आजच बंद करू का?

---

गुंगीवाला

काढा थांबवायला हरकत नाही. गुळवेलीवर २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी काही रुग्ण नोंदवले होते, काढा घेणाऱ्यांच्या यकृताला सूज आल्याचे. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. तो वाद मी इथे सोडवत नाही, पण आधीच फेणी झेलणाऱ्या यकृताला चार दिवस विश्रांती दिल्याने काही बिघडत नाही.

पुडी मात्र विचारल्याशिवाय तोडू नका, आणि उरलेली पुडी कागदासकट पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. लेबल नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. सगळ्यांत नाही, तुमच्या पुडीत आहे असं म्हणत नाही. पण दोन वर्षं बाहेरून स्टिरॉइड मिळालं तर शरीर स्वतःचं तयार करायचं विसरतं. मग एकदम बंद केलं किंवा ऑपरेशनचा ताण आला तर रक्तदाब कोसळतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. पुडी सुरू केल्यावर चार दिवसांत गुडघा जादूसारखा थांबला होता का? चेहरा गोल झालाय का? कातडी पातळ, सहज काळीनिळी पडते का?

---

सुपारीबाग

जादूसारखाच थांबला होता. म्हणून तर दोन वर्षं घेतायत. चेहऱ्याचं आई म्हणते "तब्येत सुधारली."

---

रात्रपाळी

ताई, बाबांशी भांडत बसू नका. एका चिठ्ठीवर लिहा: बाटली किती दिवस जाते, शेवटची कधी, चवथीत काय झालं, पुडी किती वर्षं. ओपीडीत सिस्टरच्या हातात द्या, "डॉक्टरांनी पेशंटला बोलवायच्या आधी वाचावी" म्हणून सांगा. डॉक्टर तुमचं ऐकून घेऊ शकतात, तुम्ही सांगितलंत हे त्यांनी बाबांना सांगायलाच हवं असं नाही. आणि तोपर्यंत हर्नियाकडे लक्ष. फुगा आत जाईनासा झाला, कडक होऊन दुखायला लागला किंवा उलट्या झाल्या तर तारखेची वाट न बघता सरळ इमर्जन्सी.

---

खाजनदार

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. काकांना फोन केला. श्रावणात "बियर चालते" म्हणाले.

---

सुपारीबाग (नऊ दिवसांनी)

उशिरा लिहितेय, घरी वातावरण बरं नव्हतं.

चिठ्ठी दिली. डॉक्टरांनी आधी ती वाचली, मग मला बाहेर बसवलं आणि बाबांशी वीस मिनिटं बोलले. मग परत रक्त. प्लेटलेट ९२ हजार आल्या, यकृताच्या तपासणीत एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट. कण्यातली भूल द्यायचं ठरलं होतं, आता पुन्हा विचार करणार म्हणाले, कारण प्लेटलेट कमी असतील तर कण्यात रक्तस्रावाची भीती. हर्निया आत जातोय तोवर घाई नाही, म्हणून ऑपरेशन सहा आठवडे पुढे. दारू सोडवण्यासाठी बांबोळीच्या हॉस्पिटलात भरती केलंय, आज चौथा दिवस. पहिल्या दोन रात्री घाम आणि थरथर होती, औषध तासातासाला बघून देत होते. किडे दिसले नाहीत. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवतंय का ते बघायला कॉर्टिसोलची तपासणी पाठवली आहे, रिपोर्ट यायचाय, तोवर डॉक्टरांनी पुडीऐवजी मोजून गोळी सुरू केली आहे.

दादा माझ्याशी बोलत नाही, "तारीख घालवलीस" म्हणतो. बाबा बोलतात, पण चिठ्ठीबद्दल अवाक्षर नाही. काल तिथल्या डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, "बाटली चार दिवस जाते ना?" मला वाटलं आता नाही म्हणणार. बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "तीन. एक हांव बागेंत दवरतां, ती चलयेक खबर ना." एक बाटली बागेत ठेवतात, मला पत्ताच नव्हता.

---

गुंगीवाला

तीन म्हणजे रोज ८५ ग्रॅमच्या आसपास. तुमचा आकडा खोडून तो त्यांना लिहायला सांगा. आणि कॉर्टिसोलचा रिपोर्ट आला की इथे टाका.